दोन ग्रुप, दोन उजळण्या

मार्चचा पहिला रविवार. रक्कम दोन हजार सातशे रुपये. हजर मी आणि माझी मुलगी. बायको सोलापूरहून फोनवर. माझ्या आईचं पाहायला ती तिकडेच राहते. मी विमा कंपनीत, बदलीमुळे जयपुरात. वैशाली नगरच्या फ्लॅटमध्ये मराठीत बोलायला मला मुलगीच होती.

रक्कम मेमधल्या सीए इंटरच्या दोन्ही ग्रुपच्या फीची. दोन्ही सुटल्याशिवाय आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालची उमेदवारी, सुरू होत नाही, आणि ती तिला पुण्यात करायची होती. आत्ता एकच ग्रुप दिला, तर दुसरा सप्टेंबरच्या परीक्षेत देईपर्यंत ती माझ्याजवळ राहणार.

हातात साठ दिवस, पेपर सहा. क्लासमध्ये तीन उजळण्या सांगितल्या होत्या. मी वीस-वीस दिवसांचे तीन भाग पाडले.

"बाबा, हे काय प्रीमियमचे हप्ते आहेत? कॉस्टिंगच्या एका पेपरलाच सहा दिवस गेले माझे. मतलब, गणितं सोडवून."

तिचं खरं होतं. त्या गतीने पहिल्या उजळणीलाच छत्तीस दिवस. दुसऱ्या वेळी निम्मा वेळ धरला तर अठरा. उरलेले सहा दिवस सराव पेपरांत जाणार. तिसरी पूर्ण उजळणी बसतच नव्हती; दोन पेपरांमधल्या दिवशी खुणा केलेला भाग तेवढा चाळता आला असता.

"मग एकच ग्रुप दे," मी म्हणालो.

"तुम्हाला ती तिथे हवी आहे म्हणून तर हा हिशेब नाही ना?" बायकोने विचारलं.

मी कागद पुन्हा पाहिला. त्यात एकच आकडा अंदाजाचा होता: 'निम्मा'. दोन ग्रुप जमणार की नाही, हे त्याच्यावरच अवलंबून होतं. फॉर्मची मुदत अजून होती. मीच सुचवलं, की कॉस्टिंग आठवडाभर बाजूला ठेव, लॉ कर आणि मग कॉस्टिंग पुन्हा घे.

लॉ करताना रोज संध्याकाळी ती कॉस्टिंगची दोन गणितं पुस्तक न उघडता सोडवायची, म्हणजे मधल्या दिवसांत विषय विसरायला नको. मी चहा तिच्या टेबलावर ठेवून आत जायचो. घरात कॅल्क्युलेटरच्या बटणांचाच काय तो आवाज.

दुसऱ्यांदा कॉस्टिंगला अडीच दिवस लागले. मी तिला चुकलेली गणितंही पुन्हा सोडवायला लावली. तरी तीनच भरले.

"झालं ना, बाबा? दोन उजळण्या पूर्ण, तिसरी ऐन वेळची."

"बसतंय," मी म्हणालो.

तिने लगेच पुण्याच्या मैत्रिणीला फोन लावला आणि बोलत बाल्कनीत गेली. मी लॅपटॉप ओढला, दोन्ही ग्रुपवर खूण केली आणि माझ्या खात्यातून दोन हजार सातशे रुपये परीक्षा घेणाऱ्या संस्थेला भरले.