भिंतीवरचा दगड

आमच्या कॉलेजात कलेचा इतिहास शिकवायला कोणी नव्हतं. जागा रिकामी होती. म्हणून नागपूरच्या एक मॅडम दर शनिवारी इंटरनेटवरून शिकवायच्या. गडचिरोलीतल्या आमच्या कॉम्प्युटर रूमचे पडदे ओढून आम्ही पाच जण बसायचो. समोर भिंतीवर प्रोजेक्टरचा उजेड आणि बाजूच्या मॉनिटरच्या कोपऱ्यात मॅडमचा नागपूरचा वर्ग, काडेपेटीएवढा. लाइन इतकी कमजोर होती की मोठी चित्रं त्यातून यायचीच नाहीत. मॅडम ती आधीच सीडीवर टाकून पोस्टाने पाठवत. मग त्या तिकडून सांगत, चित्र क्रमांक नऊ उघडा, डावीकडे वर, आता मोठं करा, अजून मोठं. आवाज दोन-तीन सेकंद उशिरा यायचा.

पहिल्या महिन्यात मला त्या खोलीची भीती वाटायची, हे मी तेव्हा कोणाला सांगितलं नाही. माझे बाबा मूलला राईस मिलमध्ये पोती उचलायचे. घरात चित्र म्हणजे बाबासाहेबांचा आणि बुद्धांचा फोटो. अशा घरातून आलेल्या मुलीसमोर भिंतभर एक डोळा उघडायचा. पापणीचा एकेक केस दोरीएवढा. मधेच लाइन तुटायची, मॅडमचा आवाज जायचा, आणि तो डोळा तसाच आमच्याकडे बघत राहायचा. उठून बंद करायला कोणी जायचं नाही.

एकदा मॅडमनी विचारलं, हे चित्र केवढं असेल? मी म्हटलं, देवळाच्या भिंतीएवढं. त्या हसल्या नाहीत. त्यांनी आम्हाला पट्टी आणि खडू घ्यायला लावलं, मापं सांगितली आणि भिंतीवर चौकट काढायला सांगितली. चौकट माझ्या वहीएवढी निघाली. मग प्रोजेक्टर पुढे सरकवत, त्याचं भिंग फिरवत चित्र त्या चौकटीत बसवलं. तो भयंकर डोळा तिळाएवढा झाला. त्या दिवसापासून नियम ठरला. आधी भिंतीवर खरं माप, मग चित्र, आणि बारकावे सगळ्यांत शेवटी.

दिवाळीच्या सुट्टीत प्रत्येकाने आपल्या भागातल्या एका वस्तूचा फोटो काढून आणायचा होता. होस्टेलमधली माझी रूममेटही आमच्या पाच जणांतलीच, हेमलकशाच्याही पुढच्या गावची, माडिया आदिवासी. तिच्या गावाबाहेर, मोहाच्या झाडांखाली, मेलेल्या माणसांच्या आठवणीचे उभे दगड होते. त्यात तिच्या वडलांचाही होता. तिने मला नेलं. मी खूप अवघडून विचारलं, फोटो काढला तर चालेल का? तिने काकांना गोंडीत विचारलं आणि मग मला सांगितलं, "काढ. पण बाबाले लहान नको दाखवजो."

मी कॉलेजचा कॅमेरा धरून गुडघ्यावर बसले. दगडावरचं शेवाळ, एक भेग, पायाशी ठेवलेले तांदळाचे दाणे, सगळं नीट आलं. पिशवीतून टेप काढायला गेले तशी तिने माझा हात धरला. तिचं म्हणणं, याले दोरी नाई लावत. मेलेला माणूस सुखात असला की त्याचा दगड वाढतो. मोजला की तेवढाच राहतो. मी टेप परत ठेवली. त्या झाडांखाली इतकं शांत होतं की टेपची पट्टी आत गेल्याचा आवाजही मला नकोसा वाटला.

आणि चूक मीच केली. माप घ्यायचं नाही म्हणून मी मापाचा विचारच सोडला. फोटोत दगड सोडून दुसरं काहीच नव्हतं.

त्या फोटोची सीडी पोस्टाने नागपूरलाही गेली होती. वर्गात तो उघडला तेव्हा भिंतीवर आधी काढायला माझ्याकडे चौकट नव्हती. मॅडमनी विचारलं, केवढा आहे? तिकडून एका मुलाचा आवाज आला, "वरवंटा दिसतो. मॅडम, मसाला वाटायचा." हसू आमच्यापर्यंत उशिरा पोचलं. मॉनिटरवर तोंडं मिटलेली, आणि खोलीत हसणं चालू. माझी रूममेट उठून बाहेर गेली.

रात्रीपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही. मग एवढंच म्हणाली, "तू त्याले मुठीएवढा केला."

मी मॅडमना ईमेल लिहिला. सायबर कॅफेत अर्धा तास बसून, चार वेळा खोडून. त्यांचं उत्तर आलं की चूक त्यांचीही आहे, माप नसलेला फोटो त्यांनी उघडू द्यायला नको होता. मोजायची मनाई असेल तर मोजू नका, म्हणाल्या. ज्याची उंची आपल्याला माहीत आहे असं कोणीतरी शेजारी उभं करा.

नाताळच्या सुट्टीत मी परत रूममेटच्या गावी गेले. ती यायला तयार झाली हेच मला खूप होतं. ती दगडाशेजारी उभी राहिली, चप्पल काढून, हात खाली सोडून. मी दूर जाऊन फोटो काढला, दोघंही डोक्यापासून पायापर्यंत येतील असा.

जानेवारीत वर्ग भरला. नियमाप्रमाणे आधी भिंत. मॅडमनी तिला विचारलं, दगड तुझ्या कुठपर्यंत येतो? ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली आणि तिने स्वतःच्या खांद्याला हात लावला. मी तिथे खडूची रेघ ओढली. मग फोटो उघडला. भिंतीवरची ती खऱ्या तिच्याएवढी होईपर्यंत मी प्रोजेक्टर मागे-पुढे केला. पायाला पाय, डोक्याला डोकं. ती स्वतःच्याच शेजारी उभी होती, आणि पलीकडे तिचे बाबा.

दगड रेघेवर थांबला नाही. तो तिच्या कानाच्या पाळीपर्यंत आला.

मी भिंग पुन्हा फिरवलं. तिचे पाय बरोबर होते, डोकं बरोबर होतं. मॅडम हळू आवाजात म्हणाल्या की असं होऊ शकतं. ती पाऊलभर मागे उभी असेल, जमीन उतरती असेल, कॅमेऱ्याला जवळचं मोठं दिसतं. मी मान हलवली. मॅडमचं चुकीचं नव्हतं. पण मला आठवत होतं, ती दगडाला अगदी लागून उभी होती.

तिने भिंतीकडे वळून पाहिलं. घाबरलेली मुळीच नव्हती. "बारावीत होती तवा खांद्याले होता," ती म्हणाली. "आता वाढला."

मॅडम म्हणाल्या, मग मी तसंच लिहून घेते.

लाइनवर नुसती खरखर आली. मला वाटलं तुटली. मग मॉनिटरच्या त्या लहानशा चौकटीत हालचाल दिसली. तिकडचा तो वरवंटावाला मुलगा उठून त्यांच्या भिंतीशी गेला होता, हातात खडू. माझ्या रूममेटएवढ्या उंचीची एक मुलगी त्याने भिंतीला टेकून उभी केली होती आणि तिच्या बाजूला तो दगड काढत होता, पूर्ण आकाराचा. काढून झाल्यावर त्याचा आवाज आला, जरा घोगरा. "ताई, एवढा का?"

माझी रूममेट मॉनिटरजवळ गेली. खूप वेळ बघत राहिली.

"अजून थोडा वर घे," ती म्हणाली.

दोन-तीन सेकंद तो तसाच उभा दिसला. मग त्याचा हात वर गेला.