माझ्याच फोटोखालची ओळ

मुरबाडच्या एसटी स्टँडसमोर माझा फोटो स्टुडिओ होता. पुढं दुकान, मागं एक खोली, आणि त्या खोलीत मी एकटा. लग्न झालं नाही, आईवडील गेलेले, बहीण लांब नाशिककडं दिलेली. अशा माणसानं आजारी पडू नये, पण पडलो. दोन हजार साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. पाच महिने मुंबईत दवाखान्यात काढले आणि भातकापणीच्या सुमारास परत आलो. काय झालं होतं ते इथं सांगणार नाही. तेव्हा कुणाला सांगितलं नाही, आता सांगून काय मिळवायचं.

दवाखान्याच्या कागदावर ‘जवळचे नातेवाईक’ असा एक रकाना होता. तिथं मी शेजारच्या सायकलवाल्याचं नाव लिहिलं. कारकुनानं विचारलं, हे तुमचे कोण? म्हटलं, भिंतीला भिंत आहे. या माणसानं पाच महिने दर आठवड्याला माझं शटर उघडलं, पावसाळ्यात लेन्सवर बुरशी चढू नये म्हणून कपाट पुसून घेतलं आणि मुंबईला कुणी निघालं की त्याच्याकडून ‘दुकान ठीक आहे’ एवढा निरोप पाठवला. बोलायला तो फार कंजूष होता.

परत आल्यावर मात्र बोलणारे पुष्कळ भेटले. ‘काय निघालं रे?’ ‘मोठं होतं का?’ ‘परत होनार नाय ना?’ प्रश्न विचारताना नजर माझ्या तोंडावर नसायची, गळ्यावर, हातावर, पोटावर फिरायची. मी चिडायचो. उडवाउडवीची उत्तरं दिली की माणूस समजायचा, म्हणजे तसलंच काहीतरी असणार. आणि जे विचारत नव्हते ते समोरून येताना रस्ता ओलांडून पलीकडं जात होते. पासपोर्ट फोटोलाही कुणी येईना. दुकान चालण्या-न चालण्यापेक्षा मला दुसरीच भीती होती. दिवसभरात आपल्याशी कुणी बोललंच नाही, असे दिवस आता कायमचे सुरू झाले की काय, अशी.

म्हणून ठरवलं, एकदाच सगळ्यांना सांगून टाकायचं. बरा झालोय, तुमचे उपकार आहेत, आणि पुढचं विचारू नका. स्टँडवर गाडीची वाट बघणारा प्रत्येक जण माझ्या शोकेसकडं बघतोच. तिथं माझा फोटो लावायचा आणि खाली एक ओळ.

फोटोखालची ओळ लिहिणं हा तर माझा धंदाच होता. लग्न, बारसं, निवडून आलेला सदस्य, सगळ्यांच्या ओळी मी लिहिल्या. पण सगळ्यात जास्त लिहिल्या त्या गेलेल्या माणसांच्या. आमच्याकडं माणूस जिवंत असताना त्याचा एकट्याचा फोटो कोण काढतो? गेल्यावर घरचे धावत यायचे, कुणाच्या लग्नातला घोळका नाहीतर मतदानाचं ओळखपत्र घेऊन. त्यातला चेहरा मी उचलायचो, मोठा करायचो, मागं निळा रंग द्यायचो, भोवती राखाडी पुठ्ठा, सोनेरी चौकट आणि खाली काळ्या शाईत ओळ. टोकावड्यापर्यंतच्या निम्म्या घरांच्या भिंतीवर माझं अक्षर आहे.

स्वतःची ओळ लिहायला बसलो तेव्हा मात्र दोन दिवस गेले. पहिला कागद भरून गेला. केव्हा त्रास सुरू झाला, आधी कुणाला दाखवलं, मग काय करावं लागलं. वाचून बघितलं तर केसपेपर. फाडला. दुसऱ्यात डॉक्टरांपासून सायकलवाल्यापर्यंत नावं घातली. मग लक्षात आलं, दहा नावं लिहिली की अकरावा रुसतो, आणि डॉक्टरचं नाव लिहिलं की तो कशाचा डॉक्टर हे लोक बरोबर शोधून काढतात. नावं गेली. तिसऱ्यात ‘मोठ्या आजारातून’ असं होतं. ‘मोठ्या’ म्हटलं की ‘केवढ्या?’ हा प्रश्न आलाच. तो शब्दही खोडला. ‘देवानं वाचवलं’ लिहिलं, तर मरायलाच टेकला होता अशी बोलवा उठली असती. तेही खोडलं. खोडता खोडता उरलं ते असं:

‘आजारपणाच्या काळात ज्यांनी विचारपूस केली, धीर दिला, त्या सर्वांचे मनःपूर्वक आभार.’

खाली नाव. मी खूश झालो. एक अक्षर जास्त नाही, कुणाला नाक खुपसायला फट नाही.

फोटोचंही तेच केलं. स्टुलावर बसून कॅमेऱ्याच्या टायमरवर काढला. वाळलेलं अंग दिसू नये म्हणून फक्त छातीपर्यंत घेतला, शर्टाचं वरचं बटण लावलं, मागं निळा पडदा. उरलेला रोल कसाबसा संपवून कल्याणच्या लॅबला पाठवला, मोठी प्रिंट मागवली. घरात होता तोच राखाडी पुठ्ठा, होती तीच सोनेरी चौकट. सोमवारी सकाळी शोकेसच्या मधोमध लावला.

सायकलवाला त्याच दिवशी कापणीसाठी गावाकडं गेला होता. तो असता तर पुढचं झालं नसतं.

दुपारचं ऊन आत येतं म्हणून मी शटर अर्धं खाली ओढून आत बसायचो. तिथून रस्त्यावरच्या माणसांचे पायच दिसायचे. पाय शोकेससमोर थांबत होते. एकानं चपला काढल्या. मी वाकून बघितलं तर तो हात जोडून उभा होता. मला बरं वाटलं. आजवर असा नमस्कार कुणी केला नव्हता. तीन दिवसांत बरेच जण थांबले, पण आत कुणी आलं नाही. मी दोन कपांचं आधण टाकायचो आणि दोन्ही कप मीच प्यायचो.

चौथ्या दिवशी, आठवडी बाजाराच्या दुसऱ्या दिवशी, बाहेरून हाक आली. ‘घरात कोन हाय का?’

शटर वर केलं. टोकावड्यापलीकडच्या पाड्यावरची एक म्हातारी होती. बऱ्याच वर्षांपूर्वी तिच्या नवऱ्याचा चेहरा मी लग्नातल्या फोटोच्या तिसऱ्या रांगेतून उचलला होता. अर्धा चेहरा पुढच्याच्या फेट्याआड गेलेला, तो मी ब्रशनं भरून काढला होता. तिनं तेव्हा बराच वेळ बघून ‘ह्योच’ म्हटलं होतं. आता ती डोक्यावर पदर घेऊन, फडक्यात बांधलेला डबा धरून उभी होती. तिनं माझ्याकडं बघितलं, शोकेसकडं बघितलं, परत माझ्याकडं.

‘तू हाईस?’

‘आहे, मावशी.’

‘मंग ह्यो कोन?’

‘मीच.’

ती बाकावर बसली. ‘आमच्या घरात म्हाताऱ्याचा हाय, तसाच हाय ना ह्यो. तीच पिवली चौकट, त्योच निला रंग. काल बाजारात आलू तवा बघला. पोरीनं वाचून दावला, बोलली, आजारी व्हते, सगल्यांचं आभार मानलेत. आभार तर मानूस गेल्यावर घरचीच मानतात.’

मी शोकेससमोर जाऊन उभा राहिलो आणि पहिल्यांदा तो फोटो गिऱ्हाइकाच्या जागेवरून बघितला. आयुष्यभर ज्या हातानं मेलेली माणसं भिंतीवर चढवली, त्याच हातानं मी मलाही चढवलं होतं. तो चपला काढणारा माणूस मला नव्हे, माझ्या मागं राहिलेल्या फोटोला हात जोडून गेला होता. हसावं की काय करावं कळेना.

‘कडू घास आनला व्हता घरच्यांना,’ ती डब्याकडं बघत म्हणाली. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून बाहेरच्यांनी आणून भरवायचा तो घास. ‘घरचा कोन हाय?’

‘कुणी नाही.’

‘कोनच नाय?’

‘नाही, मावशी.’

खरंच मेलो असतो तर हा डबा तसाच परत गेला असता. घास भरवायला दारात कुणी सापडलं नसतं. दवाखान्यात पाच महिने जे मनात येऊ दिलं नव्हतं ते तिच्या शेजारी बाकावर बसल्यावर आलं, आणि मला रडू फुटलं. लपवलं नाही.

तिनं फडकं सोडलं. तांदळाच्या भाकऱ्या आणि पिठलं. ‘मंग तूच खा,’ म्हणाली. मी माझ्याच मरणाचं जेवण जेवलो. इतक्या महिन्यांत कुणीतरी माझ्या नावानं रांधलेलं ते पहिलं अन्न होतं.

जेवण झाल्यावर तिनं विचारलं, ‘आता कसा हाईस?’ काय झालं होतं ते नाही विचारलं.

‘बरा आहे. बरं वाटतंय.’

‘मंग येवढाच लिव ना. आनी जरा हास फोटूत.’

खोडाखोडीत मी नेमकं तेच खोडलं होतं. आजार लपवता लपवता बरं झाल्याचा आनंदही लपवून बसलो होतो. आभार मानले होते, पण कशाचे ते कुणालाच कळलं नसतं.

कॅमेरा तिपाईवर लावून रस्त्याकडंला ठेवला. मी दुकानाच्या दारात उभा राहिलो, शटर पूर्ण वर, पायापासून डोक्यापर्यंत सगळा वाळका माणूस दिसेल असा. बटण दाबायची वायर तिच्या हातात दिली. तिनं दाबलं आणि म्हणाली, ‘हासला नायस.’ दुसऱ्यांदा हसलो.

चौकट शोकेसमधून काढून आत भिंतीकडं तोंड करून ठेवली. पुठ्ठ्याच्या मागं नवी ओळ लिहून तिला वाचून दाखवली:

‘बरा झालो. बरं वाटतंय. ज्यांनी माझं दुकान सांभाळलं, निरोप धाडले, डबा आणला, त्यांचे उपकार आहेत. स्टुडिओ रोज उघडा आहे.’

‘माजा नाव नाय ना टाकलास?’

‘नाही.’

‘बरा केलास,’ म्हणत ती उठली. गाडी लागली होती. रिकामा डबा फडक्यात बांधला, पदर सारखा केला आणि काही न बोलता, मागं न बघता पायरी उतरली. सुतकाच्या घरातून निघताना ‘येते’ म्हणायचं नसतं. ती ज्या कामाला आली होती त्याच रीतीनं चालली होती. मी दारात तसाच उभा राहिलो. मला फार एकटं वाटलं.

रस्ता ओलांडून ती गाडीच्या दारापर्यंत पोचली. एक पाय पायरीवर ठेवला, थांबली, आणि वळून माझ्याकडं बघून मोठ्यानं म्हणाली, ‘येतू रे.’

आत येऊन मी त्या ओळीच्या शेवटी दोन शब्द वाढवले. ‘येत जा.’