मालिकेची व्हायवा

वर्गात तिला सगळे मालिका म्हणत. टीव्हीवर जी वर्षानुवर्षं चालते आणि जिच्यातली सून अजून त्याच जिन्यात डोळे वटारून उभी असते, तसली मालिका. किती वाजले असं विचारलं, तर ती आधी घड्याळ कुणी घेऊन दिलं ते सांगायची, मग ते एकदा पाण्यात कसं पडलं ते सांगायची, आणि किती वाजले ते कळेपर्यंत तेवढे वाजून गेलेले असायचे. पोरगी मनानं लोण्यासारखी, कामाला वाघ, डोक्यानं तल्लख. फक्त तोंडाला झाकण बसवायचं राहून गेलं होतं.

त्या झाकणापायीच गेल्या वर्षी तिची डेटा स्ट्रक्चर्सची व्हायवा गेली. लेखी परीक्षेत पहिल्या पाचांत आलेली मुलगी, आणि तोंडी परीक्षेत नापास! सरांनी विचारलं होतं, रिकर्शन म्हणजे काय. हिनं सुरुवात छान केली, की फंक्शन स्वतःलाच पुन्हा हाक मारतं. मग उदाहरण दिलं. मग उदाहरणाचं उदाहरण दिलं. शेवटी सरांनी घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाले, "बाई, रिकर्शनमध्ये कुठंतरी थांबायची एक अट असते. तिला बेस केस म्हणतात. तुझ्या उत्तराला ती नाहीच."

हे वाक्य कॉलेजभर झालं. या खेपेला पुन्हा व्हायवा गेली, तर सगळा वर्ग पुढं जाणार आणि मालिका त्याच जिन्यात उभी राहणार, हे ठरलेलं होतं.

तिचा प्रोजेक्टमधला जोडीदार नेमका उलट्या मापाचा. त्याला सगळे 'हं' म्हणत, कारण तो तेवढंच बोलायचा. प्रोजेक्टही तिच्या मावशीच्या जिवावर सुचलेला. मावशी दातांच्या डॉक्टरांकडे टेबल सांभाळायची, आणि मालिका शिकायला मावशीकडेच राहायची. दवाखान्यात येणाऱ्यांना टोकन द्यायचं, पण गाल सुजून आलेल्याला दात साफ करायला आलेल्याच्या आधी आत सोडायचं, हे काम प्रोग्रामनं करावं अशी कल्पना. सुजेला एक नंबर, दुखण्याला दोन, सफाईला तीन. नंबर जेवढा लहान तेवढी घाई जास्त. ही रांग दोघांनी हीपमध्ये बसवली होती. हीप म्हणजे असं झाड, की सगळ्यांत घाईचा माणूस कायम शेंड्यावर.

"प्रोग्राम चालतोय ना? मग घाबरतेस कशाला?" मावशीनं विचारलं.

"प्रोग्राम चालतो गं, पण माझं तोंडही चालतं. तीच तर अडचण आहे."

"मग तुझी तयारी मी घेते. उद्यापासून दुपारी दवाखान्यात ये."

मावशीला डेटा स्ट्रक्चरमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण शिस्त म्हणाल तर तिच्या टेबलावरचं पेनही विचारल्याशिवाय आडवं पडत नसे. मालिकेनं नेहमीचे प्रश्न आणि त्यांची आखूड उत्तरं एका कागदावर उतरवून दिली. मावशीनं चष्मा लावला, पेशंटला बोलवायची टेबलावरची घंटी जवळ ओढली आणि कायदा सांगितला. "उत्तर लांबलं की घंटी. उत्तर चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. हं, चल. डेटा स्ट्रक्चर म्हणजे काय?"

"माहिती अशी मांडून ठेवायची, की ती चटकन सापडावी आणि सहज बदलता यावी. आता आपल्या घरातलं कपाटच घे मावशी, त्यात आईनं..."

टिंग!

कोपऱ्यात बसलेले, कवळीसाठी आलेले आजोबा उठून उभे राहिले. "माझा नंबर?"

"नाही हो आजोबा, बसा. ही घंटी पोरीची. ॲरे आणि लिंक्ड लिस्ट यांत फरक काय?"

"ॲरेत घरं सलग, म्हणून कितव्याही घरात थेट जाता येतं. लिंक्ड लिस्टमध्ये प्रत्येक नोडला, म्हणजे कप्प्याला, फक्त पुढच्याचा पत्ता माहीत असतो, म्हणून पहिल्यापासून चालत जावं लागतं. पण तिथं मधे कुणाला घुसवायचं तर बाकीच्यांना सरकवावं लागत नाही, नुसते पत्ते बदलायचे."

"बरं. स्टॅक?"

"शेवटी आला तो आधी बाहेर. ताटांची चळत असते तशी."

"क्यू?"

"आधी आला तो आधी बाहेर."

"मी आधी आलोय," आजोबा म्हणाले.

"सर्क्युलर क्यू कशाला लागतो?"

"साध्या ॲरेतल्या रांगेत पुढची माणसं निघून गेली, की त्यांची जागा रिकामी पडून वाया जाते. रांगेचं शेपूट वळवून पुन्हा सुरुवातीला आणलं, की ती जागा वापरता येते."

"बायनरी सर्च कधी चालतो?"

"माहिती... माहिती ॲरेत असली की."

मावशीनं कागद पाहिला. "इथं लिहिलंय, क्रमानं लावलेली असली की. चुकलीस. पुन्हा पहिल्यापासून!"

असं रोज चाललं. एका ठिकाणी अडखळली की पुन्हा डेटा स्ट्रक्चर म्हणजे काय. घंटी वाजली की आजोबा उभे. कवळी काही त्यांच्या मापाची होईना, त्यामुळे ते रोज येत, आणि पुढं पुढं तर मावशीनं स्टॅक म्हटलं, की तेच बिनदातांनी "फेवटी आला तो आधी बाहेर" म्हणून मोकळे होत. मालिका मात्र खरंच सुधारली. व्हायवाच्या आदल्या दुपारी तिनं पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळी उत्तरं एका दमात म्हटली आणि घंटी एकदाही वाजली नाही. मावशीनं कागदाची घडी घातली. "आता झोपेतसुद्धा म्हणशील."

म्हणालीही असती. पण सुरुवात करायची एकच जागा तिला झोपेतसुद्धा ठाऊक होती, पहिला प्रश्न.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये परीक्षा. ओळीनं लावलेले संगणक, बंद पडलेला पंखा, आणि टेबलामागं दोन खुर्च्या. एका खुर्चीत गेल्या वर्षीचे ते बेस केसवाले सर, दुसरीत बाहेरून आलेले परीक्षक. परीक्षकांची जेवायची वेळ टळली होती आणि ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मालिका आणि हं समोर बसले.

"हीपमध्ये एक पेशंट घालायला किती वेळ लागतो?" परीक्षकांनी हंला विचारलं.

"लॉग एन."

"का?"

"झाडाच्या उंचीइतकंच वर चढतो."

"आणि शेंड्यावरचा नुसता बघायला?"

"ओ ऑफ वन. एकच पाऊल."

परीक्षक खूश. त्यांनी मालिकेकडे मान वळवली. "दोन पेशंट सारखेच सुजून आले, तर तुमचा प्रोग्राम आधी कुणाला आत सोडतो?"

हा प्रश्न कागदावर होता. अगदी शेवटचा होता. मालिकेला त्याचं उत्तर येत होतं, पण ते एकटं हाताला लागेना. तिनं डोळे मिटले आणि ओठांतल्या ओठांत सुरू केलं. माहिती अशी मांडून ठेवायची... ॲरेत घरं सलग... शेवटी आला तो आधी बाहेर...

परीक्षक बघत राहिले. हंनं टेबलाखालून पायानं ढोसलं. ढोसल्यामुळे ती सर्क्युलर क्यूवरून घसरली आणि मावशीच्या कायद्यानं पुन्हा पहिल्यापासून निघाली.

"काय पुटपुटतेयस? मंत्र म्हणतेस का?" परीक्षकांनी विचारलं.

तिनं डोळे उघडले. बेस केसवाल्या सरांनी पेन उचललं होतं. आता खरं बोलण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

"नाही सर. मी पहिल्या प्रश्नापासून चालत येतेय. माझ्या मावशीनं सगळं ओळीनं पाठ करून घेतलं. मधल्या उत्तरावर मला थेट जाताच येत नाही."

लॅबमध्ये कुणीतरी फिस्सकन हसलं. परीक्षक मात्र पुढं झुकले. भूक कुठल्या कुठे पळाली.

"म्हणजे तुझं पाठांतर कुठलं डेटा स्ट्रक्चर झालं?"

मालिकेचा चेहरा उजळला. "लिंक्ड लिस्ट, सर!"

"मग शेवटचं उत्तर काढायला वेळ किती?"

"ओ ऑफ एन. जेवढी उत्तरं, तेवढं चालायचं."

"आणि उलटं, शेवटाकडून पहिल्याकडे म्हणून दाखव म्हटलं तर?"

"नाही जमणार सर. त्याला प्रत्येक नोडकडे मागच्याचाही पत्ता लागतो, म्हणजे डबली लिंक्ड लिस्ट. मावशीनं मागचा पत्ता दिलाच नाही."

"मग काय करायला हवं होतं?"

"ॲरे करायला हवा होता. कितवा प्रश्न ते कळलं, की थेट त्या घरात."

"पण मी कुठं सांगतो कितवा प्रश्न आहे? मी नुसता प्रश्न विचारतो."

"मग हॅश टेबल. प्रश्नातल्याच शब्दांवरून घराचा नंबर काढायचा आणि थेट तिथं जायचं."

"दोन प्रश्नांचं एकच घर निघालं तर?"

"टक्कर होते, सर. कोलिजन. त्या घरात दोघांची छोटी साखळी लावायची, नाहीतर दुसऱ्याला पुढचं रिकामं घर बघून द्यायचं."

ही उत्तरं मावशीच्या कागदावर नव्हती. ती कुठून येतायत हे मालिकेलाही कळत नव्हतं, पण येत होती, आणि आखूड येत होती. परीक्षक खुर्चीत मागं रेलले. "आणि माझे ते दोघं सुजलेले बिचारे अजून बाहेरच बसलेत."

"सारख्या नंबरांमध्ये आधी कोण आलं हे हीप लक्षात ठेवत नाही, सर. म्हणून नंबर सारखा निघाला की आम्ही टोकन बघतो. ज्याचं टोकन आधीचं, तो आधी आत."

एवढं बोलून तिनं दम घेतला. आणि तिला ते कवळीवाले आजोबा आठवले. घंटी वाजली की उभे राहणारे. किती छान गोष्ट होती! परीक्षकांना नक्की आवडली असती. तिनं तोंड उघडलं. आणि डोक्यात कुठंतरी टिंग वाजलं.

तिनं तोंड मिटलं.

परीक्षक वाट बघत राहिले. "आणि?"

"आणि काही नाही सर. झालं."

बेस केसवाल्या सरांच्या हातातलं पेन खाली पडलं. वाकून ते उचलता उचलता ते म्हणाले, "सापडली हो. हिला बेस केस सापडली."

परीक्षकांनी मार्क मांडले आणि कागद पालथा घातला. "जा बाई. पुढच्या वर्षी या खुर्चीत मला तू दिसणार नाहीस. आणि मावशीला सांग, पुढच्या खेपेला प्रश्न पत्त्यांसारखे पिसून विचार म्हणावं."

बाहेर आल्यावर हंनं तिच्याकडे बघितलं आणि आयुष्यातलं सगळ्यांत लांब वाक्य बोलला. "पाय जोरात लागला का गं? सॉरी हं."

मालिका तशीच दवाखान्यात गेली. मावशी टेबलाशी, आजोबा कोपऱ्यात. नवी कवळी बसली होती आणि ते तोंड मिटून तिची सवय करत होते.

"काय झालं?" मावशी खुर्चीवरून अर्धी उठली.

"पास."

मावशी थांबली. अजून काही येईल म्हणून थांबली. काही आलं नाही.

"पास? एवढंच? अगं, कुणी विचारलं, काय विचारलं, तू काय म्हणालीस? इथं सकाळपासून माझा जीव टांगणीला, आणि ही एका शब्दात मोकळी! तोंडात काय मूग घालून आलीस? बस इथं. पहिल्यापासून सांग."

मालिकेनं घंटी उचलली, मावशीच्या हाताला लागणार नाही अशी खिडकीत नेऊन ठेवली, खुर्ची ओढली आणि मांडी घातली.

"तर मावशी, सकाळी मी निघाले, तेव्हा आधी चपलेचा अंगठाच तुटला..."