आठ म्हणजे आठ

बाळांनो, तुमच्या आतेबहिणीची तब्येत कशी आहे, असं तुम्ही फोनवर विचारता आणि मी "बरी आहे" म्हणते. ते पुरतं खरं नाही.

तिला तिच्या आईची, म्हणजे माझ्या लेकीची, किडनी बसवली तेव्हा ती दहा वर्षांची होती. अकरावीला ती बुलढाण्यात माझ्याकडे राहायला आली. किडनी शरीराने नाकारू नये म्हणून तिच्या गोळ्या सकाळी आठला आणि रात्री आठला. दर रविवारी मी सात दिवसांची डबी भरायचे आणि रोज रिकामे कप्पे पाहून वहीत खूण करायचे. डॉक्टरांची प्रत्येक सूचना त्या वहीत इंग्रजीत, नीट लिहिलेली. लहान मुलांचे डॉक्टर म्हणायचे, "आजी, आता तिला उत्तरं देऊ द्या." मी हो म्हणायचे आणि उत्तर मीच द्यायचे.

अठरा पूर्ण झाल्यावर नागपूरला मोठ्यांच्या ओपीडीत पहिल्यांदा गेलो. रक्तात गोळीचं प्रमाण फार कमी आणि किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन वाढलेलं. मी तिथल्या डॉक्टर मॅडमपुढे वही केली. "एकही खाडा नाही, मॅडम."

मॅडमनी वही उघडलीच नाही. "आजी, तुम्ही जरा बाहेर बसा."

अर्ध्या तासाने मला आत बोलावलं. पोरगी नखं कुरतडत होती.

"सांग तूच," मॅडम म्हणाल्या.

"रात्री आठ वाजता मी ट्युशनमध्ये असते, आजी. गोळी काढली की पोरी म्हणतात, 'काय बे म्हातारे, बीपीची गोळी का?' मग मी नाही घेत. घरी येतपर्यंत साडेनऊ होतात."

"मग घरी आल्यावर काऊन नाही घेतली?" माझ्याही तोंडून वऱ्हाडीच निघालं.

"तूच म्हणतेस ना, आठ म्हणजे आठ! मले वाटलं, उशिरा घेतली तर अजून बिघडते. मग फेकून द्यायची."

थोडा उशीर झाला तर आठवताच घ्यायची, पुढच्या वेळी दुप्पट मात्र घ्यायची नाही. हे माझ्या वहीत पहिल्याच पानावर होतं. तिला कुणीच सांगितलं नव्हतं.

बायोप्सी झाली. शरीर किडनी नाकारू लागलं होतं. तीन दिवस शिरेतून इंजेक्शनं दिली. किडनी वाचली, पण क्रिएटिनिन पहिल्या आकड्यावर परत आलं नाही. पुन्हा असं झालं तर वाचेलच असं नाही, हे मॅडमनी तिला सांगितलं, माझ्याकडे न बघता.

मॅडमनी तिलाच विचारून वेळ सकाळ-संध्याकाळ सहाची केली, म्हणजे संध्याकाळची ट्युशनच्या आधी. डबी आता ती भरते. वही तिने माझ्याकडून मागून नेली आणि पहिलं पान मराठीत उतरवून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं.

संध्याकाळी सहाला तिच्या मोबाइलचा गजर वाजतो तेव्हा मी स्वयंपाकघरात असते. गोळीसाठी पाणी घेताना बाहेरच्या माठावरचं झाकण वाजलं की मी पुढची पोळी लाटते. परवा ते वाजलं नाही. मी लाटणं हातात धरून तिच्या खोलीच्या दारापर्यंत गेले, आणि तिथेच थांबले.

"बाटलीतलं पाणी घेतलं, आजी," ती आतून म्हणाली.

खरं असेल. पुढच्या महिन्यात रक्त तपासायचं आहे.