एका मार्काचे प्रश्न आधी

विनुताक्काचं घर आणि आमचं घर यांच्यामध्ये एकच भिंत आहे. तिच्या स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली की मला कळतं, आणि संध्याकाळी तिचा फोन वाजला की तोही ऐकू येतो. फोन मुलाचा, भरद्वाजचा, कॅनडाहून. तो तिकडे आंघोळ करून कामाला निघालेला असतो, आणि आपल्याकडे दिवे लागलेले असतात.

"जेवलीस?"

"हो."

"गोळी घेतलीस?"

"घेतली."

"पुढचं दार लावलंस?"

"लावलं रे."

"बरं, ठेवतो मग."

हे रोजचं. मुलगा चांगला आहे, एकही दिवस चुकवत नाही. पण फोन ठेवल्यावर अक्का थोडा वेळ तशीच उभी राहत असावी, कारण तिची पावलं लगेच ऐकू येत नाहीत.

अक्का शिक्षकांना शिकवणाऱ्या संस्थेत अध्यापिका. तंजावूर जिल्ह्यातल्या निम्म्याअधिक प्राथमिक शिक्षिका कधी ना कधी तिच्या बाकावर बसलेल्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, सासूबाई गेल्या वर्षी गेल्या, आणि येत्या मेमध्ये ती निवृत्त होणार. घरी आमच्यासारखीच आपली जुनी तंजावूरची मराठी बोलते, लिहिते मात्र सगळं तमिळमध्ये. देवनागरी अक्षरं तिला लग्नपत्रिकेपुरतीच ओळखू येतात.

निवृत्तीआधी तिच्याकडे एक काम आलं. पहिली ते तिसरीचा अभ्यासक्रम नुकताच बदललाय. एका वर्गातल्या मुलांचे त्यांच्या पातळीप्रमाणे तीन गट करायचे, प्रत्येक गटाला वेगळी पुस्तिका द्यायची, आणि कुठलं मूल कुठवर आलं त्याची नोंद फोनवर करायची. हा नवा अभ्यासक्रम वर्गात खरोखर कसा चाललाय, हे शिक्षकांना सात-आठ जणांच्या गटात बसवून विचारायचं होतं. त्या बैठकीत काय विचारायचं, कुठल्या क्रमाने, आणि उत्तर अर्धवट आलं तर पुढे काय विचारून खोदायचं, याचा मसुदा अक्काने करायचा. तो जमला नाही तर वरून छापून आलेली हो-नाहीची यादीच सगळ्या तालुक्यांत फिरणार होती.

"त्या यादीत 'नवीन पुस्तिका उपयुक्त आहे का' असं विचारलंय," अक्का मला म्हणाली. "कोण बाई लेखी 'नाही' म्हणेल? आणि आलेल्या होकारांवर पुढची दहा वर्षं पोरं शिकणार."

पहिला मसुदा घेऊन ती ओरत्तनाडूला गेली, एका शाळेत बैठक करून बघायला. परतली ती तिण्णैवरच, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर, चप्पल न काढता बसली. मी कॉफी नेली.

"काय झालं, अक्का?"

"काही नाही झालं. तेच झालं." तिने पेला हातात घेतला, प्यायली नाही. "सगळ्या एकसुरात 'होय मॅडम, चांगलं आहे मॅडम'. मोठा प्रश्न आला तेव्हा एकीने हात वर केला, गे. हात! पन्नाशीची बाई! आणि मुख्याध्यापक कृष्णस्वामी बसले होते शेजारी. चहाची व्यवस्था बघायला म्हणून आले, आणि बाकीची सगळी उत्तरं त्यांनीच दिली."

तिने कागद माझ्यापुढे टाकला. तमिळ मला चांगलं वाचता येतं. मी वाचलं आणि मला हसूच आलं.

"हसतेस काय?"

"अक्का, ही तर प्रश्नपत्रिका झाली."

खरंच तसंच होतं. वर 'भाग अ', त्यात दहा छोटे प्रश्न: पुस्तिका वेळेवर आल्या का, प्रशिक्षण मिळालं का, नोंदी जमतात का. मग 'भाग ब', थोडे मोठे. शेवटी 'भाग क', सविस्तर सांगा. मार्क लिहायचे तेवढे राहिले होते. सगळा जन्म प्रश्नपत्रिका काढण्यात गेलेला, तिचा हात आपोआप त्याच वळणाने गेला होता. आणि समोरच्या बायांचा जन्म प्रश्नपत्रिका वाटण्यात. त्यांनीही ओळखलं, ही परीक्षा आहे.

अक्काने कागद ओढून घेऊन पुन्हा वाचला. "एका मार्काची सवय लावली मी त्यांना," ती म्हणाली. "दहा वेळा 'हो' म्हटल्यावर अकराव्याला तोंड कशाला उघडतील?"

पापनाशमला दुसरी बैठक ठरलेली होती. त्यानंतर मसुदा वर जायचा. म्हणजे एकच संधी उरलेली.

तेव्हापासून संध्याकाळी ती आमच्याकडे यायला लागली, कागद घेऊन. "तू शिक्षिका हो," म्हणायची. मी बी.ए. झालेली, पण वर्गात कधी उभी राहिले नाही. "मला काय कळतंय, अक्का?" म्हटलं, तर म्हणाली, "तुझ्या स्वयंपाकघरातलं विचारते. तिथेही अभ्यासक्रम बदललाय की नाही?"

बदलला होता. सुनेने इलेक्ट्रिकचा ग्राइंडर आणला आणि माझा दगडी रगडा मागच्या अंगणात गेला.

"ग्राइंडर सोयीचा आहे का?" अक्काने विचारलं.

"आहे."

"बघ. मेला प्रश्न." तिने रेघ मारली. "मग तू अजून कधी कधी रगड्यावर का वाटतेस?"

"कधीतरीच, अक्का! लाइट गेली तर. मी काही तिच्या वस्तूला नावं ठेवत नाही हं."

"हे बघ, लगेच सफाई द्यायला लागलीस. 'का' म्हटलं की माणसाला वाटतं, साहेब तपासणीला आलाय." पुन्हा रेघ. मग ती जरा थांबली. "ग्राइंडर घरी आला, त्या दिवशी काय झालं? सकाळपासून सांग."

आणि मी सुरू झाले. खोक्याचा थर्मोकोल घरभर कसा उडाला, पहिल्या दिवशी पाणी जास्त पडून पीठ कसं पातळ झालं, आमच्या ह्यांनी दोसा खाऊन "छान" म्हटलं आणि दुसरा मागितला नाही. मी बोलतच सुटले. अक्का लिहीत होती.

"आधी घडलेलं, मग मत," ती पुटपुटली. "आधी काय बरं झालं ते, मग काय अडलं ते. सगळ्यात आधी एक सोपा, ज्यात चूक होताच येत नाही असा. प्रत्येकीने एकदा तोंड उघडलं पाहिजे."

मोठे प्रश्न तिने पाचच ठेवले. दीड तासात सात-आठ जणींनी बोलायचं तर यापेक्षा जास्त मावत नाहीत, म्हणाली. प्रत्येकाखाली खोदायचे शब्द लिहिले: 'तसा एखादा दिवस सांगाल?', 'म्हणजे नेमकं काय केलंत?', 'कुणाचा अनुभव वेगळा आहे का?' मुख्याध्यापकांची बैठक वेगळी केली. आणि बाकं नकोत, खुर्च्या गोल.

एक गोष्ट मात्र तिच्या ध्यानात येत नव्हती. ती मला प्रश्न विचारायची, मी आठवायला क्षणभर थांबायची, आणि तेवढ्यात तीच म्हणायची, "म्हणजे जड गेलं असेल ना?" किंवा "पोरांना आवडलं असेल." दोन संध्याकाळी मी गप्प बसले. तिसऱ्या दिवशी म्हटलं, "अक्का, मी बोलणारच होते. तूच उत्तर देऊन टाकलंस."

ती चमकली. "मी?"

"दर वेळी."

पेन खाली ठेवून ती भिंतीकडे बघायला लागली, आमच्या दोघींमधल्या त्याच भिंतीकडे. "घरात कुणी बोलत नाही, गे," ती म्हणाली. "मग मीच दोघांचं बोलते. भाजी घेतेस का? घेते. पंखा बंद करू का? कर. त्याचीच सवय लागली असेल."

मी नुसती बसून राहिले. थोड्या वेळाने तिने पेन उचललं आणि प्रत्येक मोठ्या प्रश्नाखाली एक शब्द लिहिला: 'थांबा.'

पापनाशमच्या बैठकीचं मला कळलं ते हरिताकडून. हरिता म्हणजे तिच्या संस्थेतली नवी अध्यापिका. ती टिपणं घ्यायला सोबत गेली होती, आणि अक्काला स्कूटरवरून घरी सोडायला आली. दोघी तिण्णैवर बसल्या, मीही जाऊन बसले.

"जयाक्का, काय सांगू!" हरिता मला म्हणाली. "आधी मॅडमनी विचारलं, रेकॉर्डर चालू करू का? आणि सांगितलं, नावं कुठेही येणार नाहीत, कुणाला नको असेल तर आत्ताच सांगा. मग विचारलं, शाळेला कसे येता? बस, सायकल, नवऱ्याची मोटरसायकल. सगळ्या हसायला लागल्या. मग पुस्तिका आल्या त्या दिवसाचं. एकीने सांगितलं, तिच्या वर्गातला सगळ्यात मागे राहिलेला मुलगा पहिल्यांदा स्वतःहून वाचायला लागला. मग मॅडमनी नोंदींचं विचारलं. आणि सगळ्या गप्प."

"किती वेळ?"

"मलाच सोसवेना! मी मॅडमकडे बघतेय, मॅडम आपली साडीची कड मुठीत धरून बसल्यात. तोंड घट्ट."

अक्का वाकून चपला काढत होती.

"मग वासुकी म्हणून एक आहे, दोनच शिक्षिका असलेल्या शाळेतली. तोवर बसचा नंबर सोडून काही बोलली नव्हती. ती म्हणाली, तीन गट एका खोलीत सांभाळून फोन हातात धरता येत नाही, मी संध्याकाळी घरी बसून आठवून भरते. मॅडमनी विचारलं, तसा एखादा दिवस सांगाल? आणि मग एकीमागून एक! एक म्हणाली, माझं तसं नाही, मला जमतं. तेही लिहून घेतलं. शेवटी मॅडमनी विचारलं, आम्ही काय विचारायचं राहिलं? वासुकी म्हणाली, आम्ही जेवतो कुणाबरोबर ते नाही विचारलंत. आधी आम्ही दोघी एकत्र डबा खायचो, तेव्हाच पोरांचं बोलणं व्हायचं. आता डबा एका हातात, फोन दुसऱ्या हातात, दोघी दोन कोपऱ्यांत."

मसुदा वर गेला आणि तसाच मान्य झाला. सगळ्या तालुक्यांत तोच फिरणार, 'थांबा'सकट. एक भर मात्र अक्काने पापनाशमहून आल्यावर घातली होती: शाळेतल्या एका जेवणाच्या सुट्टीबद्दल सांगा.

ती बातमी आली त्या संध्याकाळी मी तिच्याकडे सांजा घेऊन गेले होते. फोन वाजला. जेवलीस, गोळी, दार. "बरं, ठेवतो" व्हायच्या आत अक्का म्हणाली, "भरद्वाज, तुझं तिकडे कसं चाललंय? खरं खरं सांग."

पलीकडे शांतता. अक्का थांबली. मुठीत साडीची कड.

"अम्मा? काय झालं? डॉक्टर काही म्हणाले का?"

"नाही रे."

"मग असं काय विचारतेस? मी ठीक आहे. बस आली, उद्या बोलू."

फोन बंद झाला. अक्काने तो पालथा ठेवला. मी सांज्याच्या वाटीवरचं झाकण काढलं, पुन्हा लावलं.

"चुकलं," ती म्हणाली.

"तुझं काय चुकलं? तोच घाईत होता."

"नाही, गे. सगळ्यात अवघड प्रश्न पहिला विचारला. पोरगं घाबरणारच." तिने वाटी जवळ ओढली, चमचा शोधला. "उद्या बसचं विचारते. कुठली बस, किती गर्दी, बसायला जागा मिळते का. तिथून सुरू करते."

मी घरी आले. भिंतीपलीकडे बराच वेळ काहीच ऐकू येत नव्हतं. आणि मग तिचा आवाज आला, हळू, तमिळमध्ये, कुणाला तरी विचारल्यासारखा: शाळेला कसे येता?

त्यानंतर ती गप्प राहिली. उत्तर तिने दिलं नाही.