पलंगावरचे बेदाणे

माझी मावशी शिवणकाम करते आणि अपमान विसरत नाही. गेल्या वर्षी तिने गच्चीवर कडक उन्हात द्राक्षं सुकवली. काकांच्या बहिणीने, म्हणजे मावशीच्या नणंदेने, एक बेदाणा तोंडात टाकून म्हटलं, "चव बरी आहे गं, पण रंग अगदी गंजल्यासारखा." मावशी हसली. तिचं ते हसू बघून काका घाबरले, कारण सेवानिवृत्त कंडक्टरला पुढचा थांबा आधी कळतो.

यंदा हिरवेच बेदाणे करायचे, असं तिने ठरवलं. त्यासाठी सावली हवी आणि वारा हवा. समोरासमोर खिडक्या असलेली, उन्हाची तिरीपही न येणारी खोली घरात एकच होती. आणि द्राक्षांना खालूनही हवा लागावी म्हणून नवारीचा पलंगही एकच होता. काकांचा.

मावशीने बिनबियांची गोड द्राक्षं निवडली. सोडा घातलेल्या उकळत्या पाण्यात क्षणभर बुडवून लगेच गार पाण्यात काढली. "सालीवरचा मेणचट थर गेला पाहिजे, साल जरा तडकली पाहिजे, नाहीतर आतलं पाणी बाहेर येत नाही," ती म्हणाली. मग गादी काढली, नवारीवर सुती कापड ताणलं, त्यावर द्राक्षं एकेरी पसरली आणि वर मच्छरदाणी सोडली.

काकांचे गुडघे दुखतात, जमिनीवरून उठवत नाही. म्हणून ते पुढच्या खोलीत, मावशीच्या कापड बेतायच्या टेबलावर झोपू लागले. मावशी गादी घेऊन टेबलाखाली. पंखा द्राक्षांना. सकाळी गिऱ्हाइकं लवकर येत. एका बाईने आडव्या पडलेल्या काकांवर ब्लाउजपीस पसरून मावशीला काठ कुठे घ्यायचा ते समजावून सांगितलं. काका जागे होते, पण हलले असते तर माप चुकलं असतं.

घरात कुणी आजारी असल्यासारखं वातावरण झालं. शेजारी चपला बाहेर काढून हळू आवाजात विचारत, "आता कसं आहे?"

"रात्रभर पंखा होता. पण अजून ओलंच आहे," मावशी म्हणायची.

सावलीतलं काम सावकाशीचं. काका रोज मच्छरदाणीत हात घालून एक द्राक्ष चिमटीत दाबायचे. रस आला नाही, बोटाला चिकटलं नाही, की झाले बेदाणे आणि सुटलो आपण, एवढाच त्यांचा हिशेब. रोज बोटं चिकट. पाठ मात्र पार आखडून गेली होती. त्यांना बाकी काही नको होतं, स्वतःचा पलंग हवा होता.

शेवटी एके दिवशी मावशी एका लग्नघरी मापं घ्यायला गेली आणि काकांचा धीर सुटला. अर्धी द्राक्षं चादरीत भरून त्यांनी गच्चीवर नेली. तासभर ऊन दाखवायचं, एवढाच बेत होता. काका जिन्यातच पाठ टेकून बसले आणि त्यांचा डोळा लागला. जागे झाले तेव्हा हिरवट रंगावर तांबूस झाक चढली होती. खाली नेली तर पुरावा, वर ठेवली तर नाश. म्हणून काकांनी छत्री आणली, द्राक्षांवर धरली आणि स्वतः उन्हात उभे राहिले.

संध्याकाळी मावशी गच्चीवर आली. द्राक्षं तांबूस झाली होती आणि काकाही.

"मी सावली दिली त्यांना," काका म्हणाले.

मावशीने ती तिथेच पुरती सुकू दिली. उरलेली अर्धी होती तशीच पलंगावर राहू दिली आणि काकांच्या टेबलावर जाड गोधडी घातली. ओरडली असती तर काकांना बरं वाटलं असतं. त्या रात्रीपासून ते टेबलाबद्दल एक अक्षर बोलले नाहीत, उलट पहाटे उठून द्राक्षं हलक्या हाताने वरखाली करू लागले. त्यांना खरोखर वाईट वाटलं होतं.

यथावकाश हिरवे बेदाणे तयार झाले. नणंदबाई आल्या. मावशीने काचेच्या वाटीत बेदाणे पुढे केले. बाईंनी चावले, डोळे मिटले.

"रंग अगदी सुरेख. पण खरं सांगू? मला त्या गंजलेल्यांचीच चटक लागलीय. तशातले नाहीत का थोडे?"

मग मावशी उठली, फडताळातून छत्रीखालच्या बेदाण्यांचा डबा काढला आणि नणंदेच्या मांडीवर ठेवला. टेबलावर बसलेल्या काकांकडे ती वळली. त्यांचा उन्हाने रापलेला दंड तिने चिमटीत धरला, नीट दाबून पाहिला.

"झाले तयार," ती म्हणाली. "चला, पलंग रिकामा आहे."