टोपी उडाली ते पाच सेकंद

ऐंशीच्या दशकात मी सीताबर्डीत व्हिडिओ जाहिराती लिहायचो. भाड्याच्या कॅसेटमध्ये सिनेमाआधी त्या लागत आणि लोक लेकाचे बटण दाबून पुढे पळवत. म्हणून एका कूलरवाल्या शेठच्या जाहिरातीतला त्यांचा सुरुवातीचा नमस्कार मी काढून टाकला. चित्रीकरणात मध्येच कूलरच्या वाऱ्याने त्यांची टोपी उडाली होती, ते तिच्यामागे धावले होते. तेच पाच सेकंद आधी घेतले आणि त्यावर ओळ लिहिली: ‘टोपी सांभाळा, कूलर सुरू झालाय!’

पाहताच शेठ भडकले. “काहून गा, लोकं हासतीन ना मले!”

“हसतील तोवर बटण दाबणार नाहीत,” मीही चिडलो.

शेजारी त्यांची बायको तोंडाला पदर लावून हसत होती, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. शेठ तिच्याकडे बघतच राहिले.

“राहू दे गा,” ते हळूच म्हणाले. “लय दिवसांनी हासून राहिली हे.”